हजेरीपुस्तक हरवलं, आता काय?

मैत्रिणींनो, पावसाळ्यात पत्रा गळतो, ट्रंकेत पाणी जातं आणि गटाचं हजेरीपुस्तक लगद्यासारखं होतं. कधी घर बदलताना दप्तराची पिशवीच राहून जाते. मग बैठकीत कुणीतरी म्हणतं, "नवीन वही आणू, सगळ्या जणी मागच्या सह्या करून टाकू." असं करायचं नाही. मागची तारीख टाकून आज केलेली सही खोटी ठरते. एक खोटी सही सापडली की दप्तरातल्या खऱ्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. हजेरी पुन्हा उभी करता येते, पण ती उघडपणे "पुन्हा तयार केलेली" म्हणूनच.

आधी ओली वही फेकू नका. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, सावलीत वाऱ्यावर वाळू द्या. जेवढं वाचता येतं त्याचे फोटो काढून ठेवा. त्याच दिवशी गटाच्या मोबाईलवर मेसेज आपोआप गायब होण्याची सोय चालू आहे का तेही बघा. असेल तर ती बंद करा आणि आधीच्या मेसेजचे फोटो लगेच काढून ठेवा, कारण सोय बंद केली तरी ती चालू असताना आलेले मेसेज गायब होतातच आणि पुरावा पुसला जातो.

पुढचं काम एका उदाहरणातून बघू. समजा, 11 जणींचा गट आहे. बैठक दर मंगळवारी, बचत आठवड्याला 50 रुपये. जुलै-ऑगस्ट 2025 ची हजेरी गेली आहे. 12 ऑगस्टच्या बैठकीत एका ताईला मुलीच्या फीसाठी 15,000 रुपये कर्ज दिलं. आता दोघी म्हणतात, "त्या दिवशी पुरेशा बायकाच नव्हत्या, ठराव झालाच कसा?" गटाचा नियम असा की कर्जाच्या ठरावाला निदान 8 जणी हजर हव्यात.

पहिलं काम : बैठक झाली होती का?

कॅलेंडर समोर ठेवून सगळे मंगळवार लिहून काढा. 29 जुलैच्या मंगळवारी नागपंचमी होती. त्या दिवशी कुणाच्याच पासबुकात बचत नाही, पण 5 ऑगस्टला सगळ्यांच्या पासबुकात 100 रुपये आहेत. म्हणजे दोन आठवड्यांची बचत एकदम भरली. 29 तारखेला बैठकच झाली नाही, हे मग सगळ्यांना आठवलं. तिथे 11 जणींना गैरहजर लिहिलं असतं तर सगळ्यांवर फुकट अन्याय झाला असता. तिथे "बैठक झाली नाही" एवढंच लिहायचं.

दुसरं काम : पैसे काय सांगतात?

12 ऑगस्टला दहा जणींच्या पासबुकात 50 रुपये आहेत. बँकेची 13 तारखेची भरणा पावती 2,100 रुपयांची. कर्जाच्या वहीत त्या दिवशीचे हप्ते 1,600 रुपये. वजा केले की 500 उरतात, म्हणजे दहा जणींची बचत. पासबुकं आणि बँक जुळली.

पण इथेच चूक होते. पैसे आले म्हणजे बाई आली असं नाही. जावेच्या हातून, लेकराच्या हातून पैसे येतात. उलट एखादी रिकाम्या हातानं येऊन बैठकीला बसते. पैशावरून हजेरीचा अंदाज येतो, तेवढ्यावर हजेरी लावायची नाही.

तिसरं काम : फोटो आणि मेसेज

त्या दिवशी संध्याकाळी 5 वाजून 10 मिनिटांनी ग्रुपवर बैठकीचा फोटो टाकला आहे. मोजले तर सात चेहरे. ग्रुपवर दिसते ती फोटो पाठवल्याची वेळ, काढल्याची नव्हे. म्हणून ज्या फोनवर फोटो काढला त्याच फोनच्या गॅलरीत मूळ फोटोची तारीख बघा. इथे ती 12 ऑगस्टच निघाली.

फोटो काढणारी फोटोत नसते, हे विसरू नका. फोन सचिवताईंचा होता. पण फोन दुसऱ्या कुणी हातात घेतला असेल, म्हणून फोटोतल्या सात जणींना विचारलं, "फोटो कुणी काढला?" सगळ्यांनी सचिवताईंचंच नाव घेतलं. झाल्या आठ.

दुपारी 4 वाजून 40 मिनिटांचा एक मेसेज आहे : "राखीला माहेरी आलेय, अजून इथंच आहे. पैसे जावेकडे दिलेत." ही ताई पैसे भरूनही गैरहजर. पासबुकावरून हजेरी लावली असती तर चुकीची झाली असती.

चौथं काम : साक्ष

दोघी उरल्या. पैसे भरणारी दहावी आणि न भरलेली अकरावी. इथे आठवणीची मदत घ्यायची, पण ती नीट विचारून. सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं तर पहिली जे बोलते तेच बाकीच्यांना आठवायला लागतं. म्हणून एकेकीला वेगळं विचारा. "ती होती ना?" असं विचारू नका. "त्या दिवशी काय काय झालं, शेजारी कोण बसलं होतं?" असं विचारा. तारीख लक्षात राहत नाही, प्रसंग राहतो. "राखीनंतरची पहिली बैठक" म्हटलं की आठवायला धागा सापडतो.

दहावीबद्दल दोघींनी वेगवेगळं विचारल्यावरही एकच सांगितलं : ती उशिरा आली, शेतातून आल्यामुळं लुगडं भिजलेलं होतं, फोटो तिच्या आधीच झाला होता. पासबुकातली नोंदही जुळते. ती हजर.

अकरावी म्हणते, "मी होते, पण पैसे नव्हते." एक जण म्हणते होती, दुसरी म्हणते, "ती पुढच्या मंगळवारची गोष्ट." फोटोत ती नाही, पण फोटोत नाही म्हणजे आली नाही असंही नाही. अशा ठिकाणी "निश्चित नाही" असं लिहायचं. गैरहजेरीचा दंड तिच्याकडून घ्यायचा नाही. जिथे पुरावा पुरत नाही, तिथे बाईवर दंड कशाच्या जोरावर लावणार?

आता ठरावाचं बघू. नक्की हजर असलेल्या नऊ जणी आहेत. अकरावीला सोडलं तरी आठाचा आकडा पूर्ण होतो. शंका मिटली. मात्र हजेरीवरून पुरेशा जणी बसल्या होत्या एवढंच कळतं. 15,000 रुपयांचं काय ठरलं, ते ठराव वही, कर्जाची वही आणि बँकेतून पैसे काढल्याची नोंद यांवरूनच बघायचं.

नवीन वहीत कसं लिहायचं?

नव्या पानाच्या वर ठळक लिहा : "मूळ पुस्तक भिजल्यामुळे पुन्हा तयार केलेली हजेरी." प्रत्येक नावापुढे हजर, गैरहजर किंवा निश्चित नाही, आणि शेजारी आधार : फोटो, मेसेज, पासबुक, साक्ष. खाली बैठकीत वाचून दाखवल्याचा ठराव आणि सगळ्यांच्या सह्या, आजच्या तारखेच्या. एखादीला तिची नोंद पटत नसेल तर तिचं म्हणणंही तिथेच लिहा. वाळवलेली जुनी वही जपून ठेवा आणि ग्रामसंघाला लेखी कळवा. पुस्तक चोरीला गेलं असेल तर पोलिसांतही कळवा.

सीआरपी ताईंकडे किंवा ग्रामसंघात तुमच्या गटाची बैठकनिहाय माहिती दिलेली असेल, तर तीही मागून घ्या. पुस्तक हरवण्याआधी दिलेला आकडा असला की तो फार कामाचा.

आणि यापुढे? बैठक संपली की सह्या झालेल्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. मग पुस्तक भिजलं तरी ते पान अकरा मोबाईलमध्ये राहतं.