रिसॉर्टला दर विचारण्याआधी

ऑफिसची ऑफसाइट ठरली की एचआरमधल्या कुणाच्या तरी गळ्यात हे काम पडतं: लोणावळा, कर्जत, इगतपुरीच्या चार रिसॉर्टना फोन करून "चाळीस-बेचाळीस लोक आहेत, दोन दिवस, काय पडेल?" असं विचारायचं. पलीकडचा सेल्स मॅनेजर "पॅक्स किती, सर?" म्हणतो, एक माणशी आकडा सांगतो आणि कोटेशन मेल करतो. चार ठिकाणांहून चार आकडे येतात. सगळ्यांत कमी आकडा साहेबांना दाखवला जातो, ते मान डोलावतात. पुढे बिल हातात आल्यावर कळतं की ते चार आकडे एकाच गोष्टीचे नव्हतेच.

दोष रिसॉर्टचा क्वचितच असतो. विचारणा मोघम असली की दरही मोघम येतो, आणि जे सांगितलेलं नाही ते "एक्स्ट्रा" होतं.

सुरुवात माणसांच्या आकड्यापासून करू, कारण तो एकच आकडा नसतो. पुण्यातल्या एका कंपनीचं उदाहरण घ्या: 42 जण, एक रात्र. सेल्सवाला डबल शेअरिंग धरून लगेच 21 खोल्या मोजतो. पण या 42 मध्ये 27 पुरुष आणि 15 स्त्रिया आहेत. पुरुषांपैकी दोघे डायरेक्टर, त्यांना स्वतंत्र खोल्या हव्यात. उरलेल्या 25 पुरुषांना 13 खोल्या लागतात, 15 स्त्रियांना 8, डायरेक्टरांना 2 आणि बाहेरून येणाऱ्या ट्रेनरला 1. झाल्या 24. त्यातल्या पाच खोल्यांत एकेकटं माणूस राहणार, म्हणजे पाच ठिकाणी सिंगल ऑक्युपन्सीचा चढा दर. दोन खोल्यांत जादा गादी टाकून तिघांची सोय केली तर खोल्या 22 वर येतात. हा हिशेब मेल पाठवण्याआधी आपणच करायचा असतो. शिवाय बसचा ड्रायव्हर कुठे झोपणार आणि कुठे जेवणार, हेही त्याच मेलमध्ये विचारून टाकावं. तो बिचारा प्रत्येक यादीतून सुटतो.

दुसरी गोष्ट, 42 ही हमी देऊ नये. रिसॉर्ट ज्याला मिनिमम गॅरंटी म्हणतात, तेवढ्या माणसांचे पैसे कुणी आलं नाही तरी द्यावे लागतात. ऑफसाइटच्या आदल्या दिवशी कुणाला ताप येतो, कुणाच्या क्लायंटचा कॉल निघतो. म्हणून "हमी 38 ची, 44 पर्यंत वाढू शकतात, अंतिम आकडा तीन दिवस आधी कळवू" असं लिहावं. बहुतेक ठिकाणी हे मान्य होतं. ज्यांना मान्य नसतं ते निदान आधीच सांगतात.

आता हॉल. "शंभर जणांचा हॉल आहे" याचा अर्थ ओळीने खुर्च्या मांडल्या तर शंभर, म्हणजे थिएटर मांडणी. ऑफसाइटला लोक गोल टेबलांभोवती गटात बसतात, पुढे स्क्रीन असते, मागे चहाचं टेबल लागतं. अशा मांडणीत त्याच हॉलमध्ये साधारण निम्मीच माणसं मावतात. त्यामुळे "सात टेबलं, प्रत्येकी सहा जण, क्लस्टर मांडणी" असं स्पष्ट लिहावं आणि हॉलचे रिकामे नव्हे, मांडलेले फोटो मागावेत. मधे खांब आहेत का, भर दुपारी अंधार करता येतो का, वीज गेली तर जनरेटरवर हॉलचा एसी चालतो की फक्त दिवे, हे त्या फोटोंत दिसत नाही. ते विचारायचंच.

वेळांचा घोळ तर ठरलेला. चेक-इन दुपारी दोनला, चेक-आउट सकाळी अकराला, आणि आपली बस पोचते नऊ वाजता. प्रवासातून आलेल्या लोकांना तोंड-हात धुवायला दोन-तीन खोल्या सकाळीच मिळतील का? दुसऱ्या दिवशी सत्र चारपर्यंत आहे, मग अकरानंतर बॅगा कुठे ठेवायच्या? पॅकेजमध्ये बहुधा पहिल्या दिवसाच्या दुपारच्या जेवणापासून दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्यापर्यंतचं खाणं असतं. आपल्याला आधीचा नाश्ता आणि नंतरचं जेवण व चहाही हवा असतो. म्हणून प्रत्येक चहा-जेवणाची वेळ लिहून द्यावी. जैन जेवण कितीजणांना, उपवास कुणाला, हेही तिथेच.

हे सगळं लिहिलं की दोन कोटेशनं शेजारी ठेवता येतात. आकडे नमुन्यादाखल घेतो. पहिलं रिसॉर्ट माणशी 5,200 रुपये सांगतं, त्यात हॉल, प्रोजेक्टर, सगळे चहा आले. 42 जणांचे 2,18,400. दुसरं सांगतं 4,400, होतात 1,84,800. पण त्याच्या हॉलचं भाडं 35,000, प्रोजेक्टर आणि माइकचे 6,000, दुसऱ्या दिवशीचा चहा-नाश्ता माणशी 250 प्रमाणे 10,500. बेरीज 2,36,300. स्वस्त वाटलेलं रिसॉर्ट अठरा हजारांनी महाग निघालं, आणि कर अजून लागायचाच आहे.

कराचं एक कलम अकाउंट्सवाल्यांना आधी विचारावं. 22 सप्टेंबर 2025 पासून रोजचं भाडं 7,500 रुपयांपर्यंत असलेल्या हॉटेलखोलीवर 5 टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीवर 18 टक्के. म्हणून माणशी दराबरोबर खोली, जेवण आणि हॉल यांची फोड मागावी. गोव्याला जायचं असेल तर आणखी एक पेच आहे. हॉटेलसेवेवरचा कर जिथे हॉटेल आहे त्या राज्यात लागतो. केंद्राच्या कराबरोबर गोव्याचा राज्य जीएसटी बसतो. कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल तर त्याचं क्रेडिट मिळत नाही. लोणावळा आणि कलंगुट यांची तुलना करताना हा फरक धरलाच पाहिजे.

तारखेबद्दल दोन गोष्टी. एकच तारीख न देता दोन पर्याय द्यावेत, आणि शक्यतो सोमवार ते शुक्रवारमधले. शनिवार-रविवारी रिसॉर्टला सुट्टीवर येणारी कुटुंबं मिळतात, त्यामुळे दर हलत नाही. मेल करण्याआधी कॅलेंडरमध्ये लग्नाचे मुहूर्त पाहून घ्या. मुहूर्ताच्या दिवशी शेजारच्या लॉनवर वरात असेल तर आपल्या सत्राचं काय व्हायचं ते होतं. उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री दहानंतर कायद्याने बंद असतात, पण आपलं सत्र तर भर दिवसा असतं. तेव्हा "त्या दिवशी दुसरा कुठला कार्यक्रम आहे का?" हे थेट विचारावं.

"तारीख अव्हेलेबल आहे" याचा अर्थ ती आपली झाली असा नाही. अ‍ॅडव्हान्स जमा होईपर्यंत दुसऱ्या कुणाला ती देता येते. म्हणून तारीख कधीपर्यंत राखून ठेवणार, दुसरी चौकशी आली तर आधी आपल्याला कळवणार का, आणि रद्द केल्यास किती दिवस आधीपर्यंत किती पैसे परत, ही तीन उत्तरं लेखी घ्यावीत. फोनवर मिळालेला शब्द सेल्स मॅनेजर नोकरी बदलून गेला की त्याच्याबरोबरच जातो. अ‍ॅडव्हान्स पाठवायचा तो ही उत्तरं मेलवर आल्यानंतरच.