तंबोरा शेतात पिकतो, ही बातमी आहे

मिरजेतल्या एका छोट्या तंबोरा कारखानदाराला अर्थविषयक पत्रकाराला ईमेल लिहायची आहे, असं धरू. पहिला मसुदा बहुतेकांच्या हातून असा उतरतो: ‘आमच्याकडे पिढ्यानपिढ्या दर्जेदार वाद्यं बनतात, कृपया प्रसिद्धी द्यावी.’ यात खोटं काही नाही, पण बातमीही नाही. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले, हा इतिहास मिरजेतली सगळीच दुकानं सांगतात.

पत्रकाराला हवी असते ती अडचण, आणि तिच्यात अडकलेला पैसा. तंबोऱ्याचा भोपळा कारखान्यात बनत नाही, शेतात पिकतो. पंढरपूर परिसरातले शेतकरी तो लावतात. वेलावर पुरता पिकवून, महिनोन्‌महिने वाळवून तो कडक झाला, की मगच कापता येतो. पुरुषी तंबोऱ्याला मोठा घेर लागतो आणि तो मागणीप्रमाणे मिळत नाही. अवकाळी पाऊस झाला, की कारखान्याचा कच्चा माल गेला. मग विषयाच्या ओळीत सरळ लिहावं: ‘मिरजेचा तंबोरा पंढरपूरच्या शेतात पिकतो; भोपळा गेला की ऑर्डर गेली’. कारखान्याचं नाव तिथं नको.

खाली दीडशे शब्द पुरतात. पहिल्या दोन वाक्यांत ही अडचण, मग कारखान्याचे स्वतःचे आकडे: गेल्या तीन हंगामांत भोपळे किती आले, कितीला पडले, किती ऑर्डर लांबल्या. खरेदीची बिलं दाखवता येतील, एवढेच आकडे द्यावेत.

पुढचा प्रश्न असतो, आत्ताच का? मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे इथं कामी येतं. मात्र ‘आमच्या कारखान्याला जीआय मिळाला’ असं लिहिलं, की ईमेल तिथंच पडते. हे मानांकन उत्पादकांच्या संस्थांच्या नावावर नोंदलेलं असतं. एकट्या कारखानदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. जीआय नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर पत्रकार हे काही मिनिटांत पडताळतो, आणि एक दावा खोटा निघाला की बाकीच्या आकड्यांवरही त्याचा विश्वास राहत नाही.

बोलायला तयार असलेली माणसं हा या ईमेलचा कणा. भोपळा पिकवणारा शेतकरी, तो कोरणारा कारागीर, आणि वाद्य उशिरा मिळालेला एखादा गायक. तक्रार असलेला गायक मुद्दाम द्यावा. त्याच्यामुळे बातमी जाहिरात वाटत नाही. प्रत्येकाला आधी विचारून नंबर आणि फोनची सोयीची वेळ लिहावी. वेलावर भोपळे कोणत्या महिन्यात दिसतील तेही कळवावं, म्हणजे छायाचित्रकाराची फेरी वाया जात नाही. जड फोटो जोडू नयेत, लिंक द्यावी.

एकच मजकूर पन्नास जणांना एकदम पाठवू नये. शेती किंवा लघुउद्योगांवर लिहिणारा एक पत्रकार निवडावा आणि चार दिवसांनी त्याच ईमेलखाली एकदाच आठवण करावी. छापण्याआधी बातमी दाखवा, ही अट मात्र घालू नये. बहुतेक वृत्तपत्रं ती मानत नाहीत; आपले आकडे पुन्हा तपासून घ्या, एवढी विनंती करता येते.