वर्तुळातल्या ‘1’चा अर्थ

समजा, नाशिकमध्ये राहणाऱ्या भावाने वडिलांच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टचा फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवरून पुण्यातल्या बहिणीला पाठवला. पाठवण्याआधी फोटोखालच्या रकान्यात वर्तुळातला ‘1’ हा आकडा दाबला गेला. मुद्दाम की चुकून, ते त्यालाही आठवत नाही. बहीण तेव्हा बसथांब्यावर उभी होती. तिने फोटो उघडला, हिमोग्लोबिनचा आकडा नजरेखालून गेला, तेवढ्यात बस आली आणि घाईत मागे जाण्याचे बटण दाबले गेले. रात्री डॉक्टरांना आकडे सांगायचे म्हणून तिने पुन्हा चॅट उघडले, तर फोटोच्या जागी ‘उघडले’ एवढाच शब्द होता.

अशा वेळी सगळेच जण साधारण त्याच चार जागा शोधतात. आधी गॅलरी, मग बॅकअप, त्यानंतर ‘डिलीट झालेले फोटो परत मिळवा’ म्हणणारे एखादे ॲप आणि शेवटी मोबाइल दुरुस्तीचे दुकान. चारही ठिकाणी हात रिकामे राहतात. मात्र प्रत्येक ठिकाणचे कारण वेगळे आहे, आणि ती कारणे कळण्यासाठी त्या फोटोचा नाशिक ते पुणे प्रवास पाहावा लागतो.

व्हॉट्सॲपवर पाठवलेला कोणताही फोटो थेट समोरच्याच्या फोनवर जात नाही. पाठवणाऱ्याचा फोन आधी त्या एका फोटोपुरती नवी किल्ली तयार करतो आणि तिने फोटो कुलूपबंद करतो. हा कुलूपबंद गठ्ठा कंपनीच्या सर्व्हरवर चढतो. त्यानंतर बहिणीला एक छोटा संदेश जातो. त्यात गठ्ठा कुठे ठेवला आहे त्याचा पत्ता आणि तो उघडण्याची किल्ली असते. हा छोटा संदेशही कूटबद्ध असतो, आणि तो उलगडण्यासाठी वापरलेली किल्ली एकदा वापरली की फोन टाकून देतो. बहिणीचा फोन पत्त्यावरून गठ्ठा आणतो, तो वाटेत बदललेला नाही याची खात्री करतो आणि किल्लीने उघडतो. म्हणजे सर्व्हरकडे गठ्ठा असतो पण किल्ली नसते. किल्ली फक्त दोन फोनांकडे असते.

नेहमीच्या फोटोच्या बाबतीत ही किल्ली आणि उलगडलेला फोटो दोन्ही फोनवर राहतात. म्हणूनच जुन्या चॅटमध्ये वर सरकत गेले की मागच्या वर्षीच्या लग्नाचे फोटो दिसतात. ‘एकदाच पहा’ म्हणून पाठवलेल्या फोटोसोबत मात्र एक जादा खूण जाते. हा फोटो गॅलरीत ठेवू नको, पुढे पाठवू देऊ नको, तारांकित करू देऊ नको, आणि एकदा दाखवून बंद झाला की फाइल व तिचा मागमूस काढून टाक, असे ती खूण समोरच्या ॲपला सांगते. बहिणीने मागे जाण्याचे बटण दाबले त्या क्षणी तिच्या ॲपने हेच केले. गॅलरी रिकामी होती, कारण फोटो तिथे कधी गेलाच नव्हता. तो कूटबद्ध गठ्ठा काही आठवडे सर्व्हरवर पडून राहू शकतो, पण तो उघडणारी किल्ली आता कोणाकडेच नाही. कंपनीला कितीही विनंती केली तरी तिथून फोटो मिळत नाही, तो याच कारणाने.

बॅकअपचा नियम थोडा गमतीचा वाटेल, पण तो तर्काला धरून आहे. ज्या वेळी बॅकअप घेतला गेला त्या वेळी फोटो उघडलेलाच नसेल, तर तो बॅकअपमध्ये असू शकतो आणि नव्या फोनवर परत येऊ शकतो. तोवर त्याचे ‘एकदा’ संपलेले नसते. एकदा उघडला गेला की पुढच्या कोणत्याही बॅकअपमध्ये तो जात नाही. आणि कोणी उघडलाच नाही, तर पाठवल्यापासून 14 दिवसांनी तो आपोआप बाद होतो. पाठवणाऱ्यालाही तो आपल्या चॅटमध्ये पुन्हा पाहता येत नाही. भावाने जुना फोटो गॅलरीतून निवडून पाठवला असता तर मूळ प्रत त्याच्याकडे राहिली असती. व्हॉट्सॲपच्याच कॅमेऱ्याने काढून तिथल्या तिथे पाठवल्यामुळे त्याच्याकडेही काही उरले नाही.

आता रिकव्हरी ॲप आणि दुकानाबद्दल. पूर्वी संगणकाच्या हार्ड डिस्कवरून पुसलेली फाइल बऱ्याचदा परत मिळायची, आणि लोकांच्या मनात तोच अनुभव बसलेला आहे. हार्ड डिस्कवर फाइल पुसली तरी फक्त तिची नोंद जाते. मजकूर तसाच पडून राहतो आणि दुसरी फाइल त्यावर लिहिली जाईपर्यंत वाचता येतो. फोनमध्ये हार्ड डिस्क नसते, फ्लॅश मेमरीची चिप असते. फाइल पुसली की फोन चिपला कळवतो की अमुक जागा आता नको, आणि चिप ती जागा सवडीने खरोखरच कोरी करून ठेवते. त्यावर आणखी एक थर आहे. आजच्या फोनमधल्या फाइली साठवतानाच कूटबद्ध केलेल्या असतात. आयफोनमध्ये तर प्रत्येक फाइलला स्वतःची किल्ली असते आणि फाइल पुसताना ती किल्लीही नष्ट होते. चिपवर चुकून काही बिट उरले, तरी ते अर्थहीन खिचडी असतात. त्यातच साधे ॲप दुसऱ्या ॲपच्या खासगी साठ्यात डोकावूही शकत नाही. ‘एकदाच’चे फोटो परत आणून देतो असे सांगणाऱ्या ॲपला प्रत्यक्षात फक्त गॅलरी आणि सगळ्यांना दिसणारे फोल्डर चाळता येतात. बदल्यात मात्र ते फोनमधल्या सगळ्या फाइलींची परवानगी मागते.

हे सगळे नेहमीच असे भक्कम नव्हते. 2013 साली अमेरिकेतल्या युटा राज्यात एका फोरेन्सिक तज्ज्ञाने ॲन्ड्रॉइड फोनवरचे स्नॅपचॅट तपासले. काही सेकंदांत नाहीसे होतात असे सांगितले जाणारे फोटो फोनच्या एका फोल्डरमध्ये तसेच पडलेले त्याला दिसले. ॲपने त्यांच्या नावापुढे फक्त ‘.nomedia’ हे शेपूट जोडले होते. गॅलरी अशा फाइली दाखवत नाही, म्हणून ते डोळ्यांआड होते, एवढेच. नावाचे शेपूट काढले की फोटो उघडत. पुढच्याच वर्षी, मे 2014 मध्ये, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने स्नॅपचॅटवर ठपका ठेवला की फोटो कायमचे नाहीसे होतात हा दावा दिशाभूल करणारा आहे, आणि कंपनीला तडजोड करावी लागली. लपवणे आणि नष्ट करणे यांतला फरक त्या प्रकरणाने लख्ख दाखवला. आजचे ‘उघडले’ हे नष्ट करण्याच्या बाजूचे आहे. म्हणूनच त्या वेळी चाललेल्या युक्त्या आज चालत नाहीत.

मग उघडण्याच्या त्या क्षणीच फोटो जपून ठेवता येईल का? इथे चित्र बदलते. कारण पुसण्याचे काम पक्के असले, तरी दाखवण्याचे काम तितके पक्के करता येत नाही.

व्हॉट्सॲपने ही सोय ऑगस्ट 2021 मध्ये आणली तेव्हा स्क्रीनशॉट सरळ काढता येत असे. ऑगस्ट 2022 मध्ये त्याला अटकाव करण्याची घोषणा झाली. ॲन्ड्रॉइडवर एखादे ॲप आपली खिडकी ‘FLAG_SECURE’ या खुणेने सुरक्षित ठरवू शकते. मग स्क्रीनशॉट घेतलाच जात नाही, आणि स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी काळी चौकट येते. आवाजाचे एकदाच ऐकण्याचे संदेश डिसेंबर 2023 मध्ये आले. तिथे पडद्याची खूण उपयोगाची नसते, कारण पडद्यावर काही नसतेच. ॲन्ड्रॉइडमध्ये ॲप आपला आवाज दुसऱ्या ॲपला टिपू न देण्याचे ठरवू शकते. पण स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज हवेत असतो आणि शेजारी ठेवलेला दुसरा फोन तो टिपतो. फोटोचेही तसेच आहे. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याला कोणतेही ॲप अडवू शकत नाही, आणि पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

सॉफ्टवेअरमधल्या फटी याहून वेगळ्या. सप्टेंबर 2024 मध्ये झेंगो या कंपनीचे सुरक्षा संशोधक ताल बेरी यांनी दाखवून दिले की ‘एकदाच’चा संदेश किल्लीसकट त्या माणसाच्या इतर जोडलेल्या उपकरणांकडेही, म्हणजे ब्राउझरमधल्या व्हॉट्सॲपकडेही जातो. तिथे तो फक्त दाखवला जात नव्हता. ‘एकदाच’ असणे हे संदेशातल्या एका खुणेवर अवलंबून होते, आणि बदल केलेल्या ब्राउझरमध्ये ती खूण ‘true’ची ‘false’ केली की तो नेहमीचा फोटो होऊन जाई. हे करून देणारी ब्राउझर एक्स्टेन्शन तोवर लोकांच्या हाती होतीही. पहिली दुरुस्ती अपुरी ठरली आणि पुढच्या काही महिन्यांत ती फट बुजवली गेली. जानेवारी 2025 मध्ये आयफोनवर आणखी एक फट उघडी झाली: पाहून झालेला फोटो सेटिंगमधल्या साठ्याच्या यादीतून पुन्हा उघडत होता. तीही व्हॉट्सॲपने पुढच्या आवृत्तीत बंद केली.

या दोन घटनांमधून बहिणीला काही मिळाले नसते. अशी प्रत्येक युक्ती एका विशिष्ट आवृत्तीपुरती, काही आठवडे किंवा महिने चालते, आणि बहुतेक वेळा फोटो उघडण्याआधीच तयारी करून ठेवावी लागते. आज इंटरनेटवर सापडणारे ‘सेव्ह कसे करावे’चे व्हिडिओ बहुतेक याच बंद झालेल्या फटींचे आहेत. पाठवणाऱ्यासाठी मात्र त्याच घटनांचा अर्थ उलटा आहे. समोरचे ॲप प्रामाणिकपणे खूण पाळेल, एवढ्याच भरवशावर फोटो जातो. आधार कार्ड, एटीएमचा पिन किंवा खासगी छायाचित्र पाठवताना समोरचा माणूस विश्वासाचा नसेल, तर वर्तुळातला ‘1’ त्याची जागा भरून काढत नाही.

या सोयीचा गैरवापर धमकीसाठीही होतो. धमकी देणारा ‘एकदाच’चा फोटो किंवा आवाज पाठवतो आणि पुरावा आपोआप पुसला जाईल असे धरून चालतो. असा संदेश आला तर तो एकटीने किंवा एकट्याने लगेच उघडू नये. कोणाला तरी सोबत घ्यावे, दुसऱ्या फोनने पडद्याचे चित्रण सुरू ठेवून पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसेल अशा रीतीने तो उघडावा. पडद्यावर फोटो असतानाच तक्रार केली तर तो फोटो तपासणीसाठी व्हॉट्सॲपकडे जातो. पोलिसांकडे तक्रार करायची असेल तर cybercrime.gov.in हे केंद्र सरकारचे संकेतस्थळ आहे.

रात्री बहिणीने भावाला फोन केला. रिपोर्टचा कागद वडिलांच्या फाइलमध्येच होता. भावाने तो पुन्हा टेबलावर पसरला, या वेळी फोनच्या साध्या कॅमेऱ्याने फोटो काढला आणि पाठवण्याआधी खालच्या रकान्यातला ‘1’ बंद असल्याचे दोनदा पाहिले.