एकाच ठिपक्याचे दोन ठिपके का दिसतात?

ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या टेकड्यांमधला काळा दगड म्हणजे दख्खनच्या लाव्हारसाचा बेसाल्ट. महाराष्ट्रात या खडकाच्या पोकळ्यांमध्ये कॅल्साइट नावाचं खनिज सापडतं. त्याचा पारदर्शक तुकडा कागदावरच्या काळ्या ठिपक्यावर ठेवला, तर दोन फिकट ठिपके दिसतात.

कारण कॅल्साइटमध्ये शिरताच प्रकाश दोन किरणांत विभागतो. सरळ वरून पाहताना सामान्य किरण काचेतून जावा तसा सरळ येतो. असामान्य किरण मात्र सुमारे 6 अंशांनी तिरका जातो. त्यामुळे तुकडा 1 सेंटिमीटर जाड असेल, तर ठिपक्यांमध्ये साधारण 1 मिलिमीटर अंतर पडतं.

कोणता ठिपका कुठल्या किरणाचा, हे कसं ओळखायचं? तुकडा कागदावरच हळूहळू फिरवा. जागेवर राहतो तो सामान्य, त्याच्याभोवती फिरतो तो असामान्य.

या दोन किरणांमधल्या प्रकाशाची कंपनं एकमेकांना काटकोनात असतात. असामान्य किरणाची कंपनं ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने, तर सामान्य किरणाची तिला आडवी. पोलराइज्ड गॉगल फक्त उभी कंपनं आत सोडतो. म्हणून गॉगल घालून पाहताना ती रेषा उभी असेल, तर सामान्य ठिपका जवळजवळ गायब होतो आणि असामान्य ठिपका गडद दिसतो. तुकडा 90 अंश फिरवला की उलट घडतं.

मात्र कॅल्साइटमध्ये एक दिशा अशी असते, जिच्यातून जाताना प्रकाश दुभंगतच नाही. तिला प्रकाश-अक्ष म्हणतात. अशी एकच दिशा असल्यामुळे कॅल्साइट हा 'एकअक्षीय' स्फटिक ठरतो.