बदलांची वही आणि तीन रकाने

तीन छोट्या वाचनालयांतल्या पुस्तकांच्या देवघेवीचा हिशेब ठेवणारा एक प्रोग्रॅम मी सांभाळतो. त्यात हात घातला की त्याच दिवशी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एक ओळ लिहायची, अशी सवय लावून घेतली आहे. या फाइलला प्रोग्रॅमर चेंजलॉग म्हणतात. 2.3.1 ही आवृत्ती दिल्यानंतर जून महिन्यात तिच्यात एवढ्या ओळी जमल्या:

```
12/6 सभासद फोन नंबरवरून शोधता येतो
14/6 दंड मोजताना सुट्टीचा वार वगळला
15/6 छापील पावतीत जोडाक्षरे तुटत होती, बरोबर केले
18/6 फोन-शोधात शून्याने सुरू होणारा नंबर सापडेना, केले
20/6 सभासद यादीत क्ष, ज्ञ शेवटी
21/6 calc_fine चे दोन भाग केले
24/6 यादीच्या फाइलमध्ये पत्त्यानंतर पिनकोडचा रकाना
25/6 पावतीवर वाचनालयाचा फोन
```

माझ्यासाठी ही वही पुरेशी आहे. नवी आवृत्ती ग्रंथपालांच्या हाती देताना मात्र ती तशीच पाठवून चालत नाही. ग्रंथपालाला माझ्या तारखांशी कर्तव्य नसते. त्याला तीनच गोष्टी हव्या असतात: नवीन काय मिळाले, कोणता त्रास गेला, आणि रोजच्या कामातले काय आता वेगळे वागेल. म्हणून सोबतच्या टिपणाचे तीन भाग करायचे: नवे, दुरुस्त, बदललेले.

एक वही आपल्यासाठी आणि एक टिपण वापरणाऱ्यासाठी, ही विभागणी जुनी आहे. जीएनयू प्रकल्पाच्या नियमांत `ChangeLog` आणि `NEWS` अशा दोन वेगळ्या फाइली सांगितल्या आहेत: पहिली कोड वाचणाऱ्यांची, दुसरी प्रोग्रॅम वापरणाऱ्यांची. रकान्यांची आज रूढ असलेली नावे ऑलिव्हिए लाकाँ यांनी 2014 साली सुरू केलेल्या ‘कीप अ चेंजलॉग’ या पद्धतीतून सर्वत्र पोहोचली. तिथे रकाने सहा आहेत. या तिघांखेरीज लवकरच बंद होणारे, काढून टाकलेले आणि सुरक्षेविषयीचे. माझ्याएवढ्या प्रोग्रॅमला तीन पुरतात.

रकाना ठरवताना वहीतल्या शब्दांवर भिस्त ठेवायची नाही. शेजारी मागची आवृत्ती उघडायची आणि विचारायचे: ही गोष्ट तेव्हा होती का? नसेल तर नवे. होती, पण जशी चालायला हवी तशी चालत नव्हती? मग दुरुस्त. नीट चालत होती आणि आता वेगळी चालते? तर बदललेले.

या कसोटीवर दोन ओळी लगेच गळतात. 21 तारखेला मी कोडची आतली मांडणी बदलली. बाहेर कुणालाही फरक दिसणार नाही. 18 तारखेची ओळ जास्त फसवी आहे, कारण ती उघड दुरुस्तीसारखी दिसते. पण फोन-शोध 12 तारखेचा. 2.3.1 मध्ये तो नव्हताच, म्हणजे ती चूक माझ्या संगणकाबाहेर कुणी पाहिली नाही. ती ‘दुरुस्त’मध्ये छापली, तर आपल्याकडे ही चूक कधी होती, याचा ग्रंथपाल उगाच शोध घेत बसेल. ती ओळ 12 तारखेच्या ओळीत विरघळून जाते. 15 आणि 25 तारखेच्या ओळींवर अडायचे कारणच नाही.

खरी अडचण दंडाची. वहीत मी ‘वगळला’ लिहिले तेव्हा माझ्या मनात ती दुरुस्ती होती, कारण दोन वाचनालयांच्या नियमांत सुट्टीच्या वाराचा दंड घेऊ नये असे लिहिलेले आहे. तिसऱ्या ठिकाणी मात्र सगळे दिवस मोजतात. रोजचा दंड एक रुपया आणि सुट्टी सोमवारची धरा. शनिवारी द्यायचे पुस्तक मंगळवारी आले, तर रविवार, सोमवार, मंगळवार मिळून पूर्वी तीन रुपये होत. आता दोन होतात. त्या तिसऱ्या ग्रंथपालाने ‘दंडाची मोजणी दुरुस्त केली’ एवढेच वाचले, तर तो समाधानाने पान उलटेल आणि महिनाअखेर जमा का कमी भरली ते त्याला उमगणार नाही. दुरुस्तीच्या रकान्यातल्या ओळी माणसे निर्धास्तपणे वाचतात. त्यामुळे एखादी गोष्ट एकाची दुरुस्ती आणि दुसऱ्याचा बदल असेल, तर मी ती बदलात घालतो आणि सोबत आकडा व उपाय देतो.

क्ष आणि ज्ञची गोष्ट याच जातीची. संगणकाच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष, म्हणून क्षीरसागर आडनाव क मध्ये जाऊन बसत होते. आपल्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ ळ नंतर येतात, तेव्हा आताचा क्रम बरोबर आहे. पण ज्यांचा हात इतके दिवस क मध्ये शोधायला सरावला, त्यांना ते नाव गायब झाल्यासारखे वाटेल. तीही ओळ बदलात.

पिनकोडचा रकाना नवा, म्हणून ती ओळ मी आधी ‘नवे’मध्ये टाकली होती. मग लक्षात आले की एक वाचनालय हीच फाइल टपालाची लेबले छापायला वापरते आणि तिथे रकाने क्रमांकाने वाचले जातात. पत्त्यानंतर एक रकाना घुसवला की पुढचा प्रत्येक रकाना एका घराने सरकतो. फोनच्या जागी पिनकोड छापला जातो. नाव नवे असले तरी परिणाम मोडतोडीचा. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेल्या आवृत्ती-क्रमांकांच्या नियमाने, जुन्या जोडण्या मोडणाऱ्या अशा बदलाला पहिला आकडा वाढवून 3.0.0 म्हणावे लागले असते. मी कोडमध्ये परत गेलो आणि रकाना ओळीच्या अगदी शेवटी नेला. आता जुने क्रमांक जागच्या जागी राहिले, ओळ खरोखर ‘नवे’मध्ये आली आणि आवृत्ती 2.4.0 झाली.

शेवटी टिपण असे उतरले. ‘बदललेले’ मी सर्वांत वर ठेवतो, कारण वाचणाऱ्याला काही करावे लागते ते तिथेच.

```
2.4.0

बदललेले
- दंड मोजताना सुट्टीचा वार धरला जात नाही. शनिवारी
  द्यायचे पुस्तक मंगळवारी आले तर 3 ऐवजी 2 रुपये
  (सुट्टी सोमवारी असल्यास). सगळे दिवस मोजायचे असतील
  तर ‘सुट्टीचा वार’ कोरा ठेवा.
- सभासद यादीत क्ष, ज्ञ ची नावे ळ नंतर दिसतील.

नवे
- सभासद फोन नंबरवरून शोधता येतो.
- यादीच्या फाइलमध्ये शेवटी पिनकोडचा रकाना.
- पावतीवर वाचनालयाचा फोन.

दुरुस्त
- छापील पावतीत जोडाक्षरे तुटत नाहीत.
```

पुढच्या खेपेपासून ओळ लिहितानाच तिच्या आरंभी, तारखेच्याही आधी, रकान्याचे नाव लिहायचे ठरवले: `नवे:`, `दुरुस्त:`, `बदल:` किंवा `आतले:`. पहिल्या अंदाजाचे नाव नंतर बदलावे लागते, पिनकोडचे लागले तसे, पण ओळी वेगळ्या करण्याचे काम `grep` ही आज्ञा क्षणात करते. पहिल्याच वेळी आठ दुरुस्त्यांपैकी सात निघाल्या. आठवीच्या आरंभी मी ‘दुरूस्त’ लिहिले होते, दुसरा रु दीर्घ. डोळा ते वाचून पुढे जातो. संगणकाला तो वेगळा शब्द आहे, आणि त्याने काही न बोलता ती ओळ सोडली. आता टिपण करण्याआधी उलटी आज्ञा चालवतो, चारांपैकी कोणत्याही नावाने सुरू न होणाऱ्या ओळी दाखवणारी:

```
grep -vE '^(नवे|दुरुस्त|बदल|आतले):' badal.txt
```

पडदा कोरा राहिला, की मगच टिपण लिहायला घेतो.