छत्तीस व्होल्टसाठी चाळीस सेल

विजेच्या सायकलीचा बॅटरी पॅक लहान दंडगोलाकार लिथियम-आयन सेल जोडून तयार होतो. त्यांतला सर्वांत रुळलेला प्रकार १८६५० या नावाने ओळखला जातो: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. पूर्ण चार्ज झाल्यावर त्याचा दाब ४.२ व्होल्ट असतो, वापरताना तो उतरत जातो आणि ३ व्होल्टच्या आसपास वापर थांबवणे हिताचे असते. हिशेबासाठी मधला ३.६ व्होल्ट हा आकडा धरतात.

सायकलीची मोटर ३६ व्होल्टची आणि २५० वॉटची आहे असे धरू. ती पूर्ण ताकदीने दोन तास चालवायची तर ५०० वॉट-तास ऊर्जा लागेल.

आधी व्होल्ट ठरवावे लागतात, कारण ते मोटर आणि तिचा कंट्रोलर यांनी आधीच ठरवलेले असतात. एका सेलचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला जोडत गेले, म्हणजे एकसर जोडणी केली, की दाबांची बेरीज होते. ३६ भागिले ३.६ म्हणजे दहा. पूर्ण चार्ज झाल्यावर हाच पॅक ४२ व्होल्ट दाखवतो, म्हणून ३६ व्होल्टच्या पॅकच्या चार्जरवर ४२ हा आकडा छापलेला असतो. रिकामा होताना दाब ३० व्होल्टपर्यंत येतो. कंट्रोलरला ही दोन्ही टोके सोसायला हवीत.

पुढे ऊर्जा. ५०० वॉट-तासांना ३६ व्होल्टने भागले की सुमारे १३.९ अँपिअर-तास येतात. एक चांगला १८६५० सेल ३.५ अँपिअर-तास साठवतो. धन टोके धनाला आणि ऋण टोके ऋणाला जोडली, म्हणजे समांतर जोडणी केली, की दाब तोच राहतो आणि साठा वाढतो. चार सेलचे १४ अँपिअर-तास होतात. अशा चार-चारच्या दहा गटांची एकसर जोडणी म्हणजे चाळीस सेल, ५०४ वॉट-तास. पॅकवर हे 10S4P असे लिहितात. सेल २.५ अँपिअर-तासांचे असतील तर पाच समांतर सेल ४५० वॉट-तासांवरच थांबतात, म्हणून सहा घ्यावे लागतात आणि संख्या साठवर जाते. बाजारात ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेले १८६५० सेल मिळतात. या आकारात तेवढा साठा मावत नाही, तो आकडा खोटा असतो.

ऊर्जा जुळली तरी विद्युतप्रवाह तपासायचा राहतो. चढावर कंट्रोलर १५ अँपिअर ओढत असेल, तर चार समांतर सेलपैकी प्रत्येकाच्या वाट्याला ३.७५ अँपिअर येतात. सेलच्या माहितीपत्रकात सलग ८ अँपिअर मान्य असतील तर ही जोडणी निर्धास्त आहे. त्याच १५ अँपिअरला समांतर सेल दोनच ठेवले, तर प्रत्येकावर ७.५ अँपिअर येतील, सेल तापतील आणि भार येताच दाब जास्त खचेल.

कागदावरचे गणित बरोबर असूनही पॅक बिघडतो, तो बहुधा सेल सारखे नसल्यामुळे. दहा गटांतून एकच प्रवाह वाहतो, त्यामुळे सर्वांत कमजोर गट आधी रिकामा होतो आणि बीएमएस, म्हणजे प्रत्येक गटाच्या दाबावर नजर ठेवणारे सर्किट, पूर्ण पॅकच बंद करते. बाकी नऊ गटांतली ऊर्जा तशीच पडून राहते. म्हणून सेल एकाच बॅचचे, नवे आणि मोजून जुळवलेले हवेत. समांतर जोडण्याआधी त्यांचे दाबही सारखे करून घ्यावेत. ४.१ आणि ३.५ व्होल्टचे दोन सेल थेट जोडले, तर ०.६ व्होल्टच्या फरकामुळे त्यांच्यात सात-आठ अँपिअरचा लोंढा वाहू शकतो. तयार पॅक चार्ज करून काही दिवस ठेवावा आणि प्रत्येक गटाचा दाब मीटरने मोजावा. एखादा गट इतरांपेक्षा सतत खाली सरकत असेल तर त्यातला सेल आतून गळतो आहे.

जोडण्या निकेलच्या पट्ट्यांनी, स्पॉट वेल्डिंग करून करतात. सोल्डरिंगची उष्णता सेलच्या आत पोहोचते, म्हणून ते टाळतात. सगळ्यांत घातक जागा मात्र सेलच्या धन टोकाची कड आहे. सेलचा संपूर्ण डबा ऋण असतो. धन असते ती फक्त वरची बोंडी, आणि दोहोंत पातळ प्लास्टिकचे वेष्टन असते. ते पट्टीच्या धारेने फाटले की थेट शॉर्ट सर्किट होऊन आग लागू शकते. बीएमएस गटांचा दाब पाहते, पण एका सेलच्या टोकाशी झालेला असा शॉर्ट ते तोडू शकत नाही. म्हणून वेल्डिंगआधी प्रत्येक धन टोकावर इन्सुलेशन कागदाची चकती बसवावी. फाटक्या वेष्टनाचा सेल पॅकमध्ये घेऊ नये.