कापसाचा भाव सहापट कसा दिसला?

सेलूहून (जि. वर्धा) एका वाचकांनी मोबाइलवर फिरत आलेलं एक चित्र पाठवलं आहे. कापसाच्या हमीभावाचं ते चित्र आहे. डावीकडे जेमतेम बोटाच्या पेराएवढा स्तंभ, त्यावर लिहिलंय ७१२१. उजवीकडे जवळजवळ सहापट उंच स्तंभ, त्यावर ७७१०. खाली वर्षं लिहिली आहेत, २०२४-२५ आणि २०२५-२६. वाचक विचारतात, ‘आकडे तर बरोबर आहेत, मी पडताळून पाहिले. मग चित्र बघताना आमचं नशीबच पालटल्यासारखं का वाटतं?’

आकडे खरोखरच बरोबर आहेत. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामासाठी क्विंटलला ७१२१ रुपये होता. २८ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने पुढच्या हंगामासाठी तो ७७१० केला. सेलू-सिंदीकडच्या शेतकऱ्यांच्या तोंडी ८११० हा आकडा जास्त असेल, कारण तो लांब धाग्याचा भाव. त्यातही वाढ तेवढीच, ५८९ रुपयांची. आपण मध्यम धागाच धरू, त्याचं कारण शेवटी येईल. ७१२१ वर ५८९ म्हणजे सव्वाआठ टक्के वाढ. शंभराचे एकशेआठ झाले. चित्रात मात्र शंभराचे जवळजवळ सहाशे झालेत.

चित्र काढणाऱ्याने उभ्या अक्षावर आकडे लिहिलेले नाहीत, त्यामुळे गडबड कुठे झाली ते थेट दिसत नाही. पण फूटपट्टी घेतली की ती उघडी पडते. छापून घेतलेल्या चित्रावर मी ती लावली. डावा स्तंभ १.२ सेंटिमीटर, उजवा ७.१ सेंटिमीटर. दोहोंत फरक ५.९ सेंटिमीटरचा, आणि भावातला फरक ५८९ रुपयांचा. म्हणजे एका सेंटिमीटरला शंभर रुपये असं प्रमाण पडलं. आता डाव्या स्तंभाकडे परत या. तो १.२ सेंटिमीटर आहे, म्हणजे १२० रुपयांचा. पण त्यावर तर ७१२१ लिहिलंय! उरलेले सुमारे ७००० रुपये कागदाच्या खाली गाडले गेलेत. या स्तंभांचा पाया शून्यावर नसून सात हजारांवर आहे, हे चित्र काढणाऱ्याला न विचारताच कळलं.

गंमत म्हणून उलटंही करून पाहा. एका सेंटिमीटरला शंभर रुपये हेच प्रमाण ठेवून स्तंभ शून्यापासून काढायचे ठरवले तर डावा ७१ सेंटिमीटरचा होईल आणि उजवा ७७ चा. वर्तमानपत्राच्या पानात दोन्ही मावणार नाहीत. दोन पानं उभी जोडून ते काढले आणि लांबून पाहिले तर दोन स्तंभ जवळपास सारखेच दिसतील, एक किंचित उंच. सव्वाआठ टक्के दिसायला एवढेच असतात.

कंपाउंडच्या भिंतीपलीकडे दोन माणसं उभी आहेत अशी कल्पना करा. एकाची उंची पाच फूट चार इंच, दुसऱ्याची पाच फूट आठ इंच. भिंत पाच फुटांची. अलीकडून पाहणाऱ्याला एकाचं चार इंच डोकं दिसतं, दुसऱ्याचं आठ इंच. ‘दुसरा दुप्पट उंच आहे’ असं कुणी म्हणणार नाही, कारण भिंत दिसते आणि माणसाला पाय असतात हे आपल्याला ठाऊक असतं. कापलेल्या अक्षाच्या चित्रात भिंत अदृश्य असते. डोळा जेवढं दिसतं तेवढ्यालाच पूर्ण माणूस समजतो.

भिंत किती उंच घ्यायची, हे सर्वस्वी चित्रकाराच्या हाती. आपलेच दोन आकडे घ्या. पाया ६००० वर धरला तर उजवा स्तंभ डाव्याच्या दीडपट दिसतो. ७००० वर धरला तर जवळजवळ सहापट. ७१०० वर नेला तर डावा उरतो २१ रुपयांचा आणि उजवा ६१० चा, म्हणजे एकोणतीसपट! सरकारची वाढ तीच, सेलूच्या शेतकऱ्याच्या हाती पडणारे रुपयेही तेच, तरी वाढ दीडपट दाखवा की एकोणतीसपट, मर्जी तुमची.

एडवर्ड टफ्टी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९८३ साली आलेल्या आपल्या पुस्तकात या अतिशयोक्तीचं माप सांगितलं. चित्रात दिसणारी वाढ भागिले आकड्यांतली खरी वाढ, हा झाला चित्राचा ‘खोटेपणाचा गुणक’. प्रामाणिक चित्रात तो १ च्या आसपास असतो. आपल्या चित्रात दिसणारी वाढ ४८७ टक्के आहे आणि खरी ८.२७, त्यामुळे गुणक येतो ५९ च्या जवळ. थोडी आकडेमोड केली तर एक सुंदर गोष्ट हाती लागते. डाव्या स्तंभाचा खरा आकडा, भागिले त्याचा दिसणारा भाग, एवढं केलं तरी हाच गुणक मिळतो. ७१२१ भागिले १२१. उजव्या स्तंभाचा यात काही संबंधच येत नाही! भाव ७७१० झाला काय किंवा ७२०० झाला काय, पाया सात हजारांवर असेल तर अतिशयोक्ती एकोणसाठपटच होणार. उजवा आकडा कळण्याआधीच खोटं ठरलेलं असतं.

ज्या माणसाने स्तंभालेख पहिल्यांदा छापला त्याला स्वतःला तो फारसा आवडत नव्हता. विल्यम प्लेफेअर हा स्कॉटिश गृहस्थ, काही काळ जेम्स वॅटच्या हाताखाली नकाशे-आराखडे काढणारा. १७८६ साली त्याने देशोदेशीच्या व्यापाराचे आलेख छापले. त्यातले बहुतेक रेषांचे होते, वर्षागणिक व्यापार कसा चढला-उतरला ते दाखवणारे. स्कॉटलंडची माहिती मात्र त्याला एकाच वर्षाची मिळाली, १७८०-८१ ची. एका वर्षाची रेषा कशी काढणार? म्हणून नाइलाजाने त्याने प्रत्येक देशाशी झालेल्या आयात-निर्यातीच्या आडव्या पट्ट्या काढल्या, आणि या आकृतीत काळ दिसत नाही, म्हणून ती उणी आहे, अशी कबुलीही देऊन टाकली. आज शाळेच्या पुस्तकापासून निवडणुकीच्या फलकापर्यंत सगळीकडे दिसणारी आकृती ही अशी अडचणीतून जन्मलेली.

प्लेफेअरच्या या अडचणीतच आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे. रेषेच्या आलेखात आपण चढ-उतार वाचतो. स्तंभात आपण लांबी वाचतो, कारण त्यात वाचण्यासारखं दुसरं काही नसतंच. लांबी मोजायची तर दोन टोकं लागतात, आणि खालचं टोक शून्यावर नसेल तर ती लांबी कशाचीच नसते. म्हणून ‘अक्ष नेहमी शून्यापासूनच हवा’ हा नियम सरसकट सगळ्या आलेखांना लावणाऱ्यांशीही माझं पटत नाही. मे महिन्यातलं वर्ध्याचं तापमान रोजच्या रोज मांडताना रेषा शून्य अंशापासून काढण्यात काय हशील? सेल्सिअसचं शून्य म्हणजे उष्णतेचा अभाव नव्हे, पाणी गोठण्याची ती खूण. तिथे रेषा ४० ते ४८ च्या दरम्यान काढली तरच काही कळेल. रेषेलाही चढ फुगवता येतो हे खरं, पण ‘मी लांबी आहे’ असा दावा ती करत नाही. स्तंभ करतो.

मग खाली बारीक अक्षरात ‘पाया ७००० पासून’ असं लिहिलं, किंवा स्तंभाच्या बुडाशी नागमोडी तुटक खूण केली की भागलं का? फारसं नाही. ब्रेंडा यांग आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना असे कापलेले स्तंभ दाखवले. काहींना आधी समजावूनही सांगितलं की हे चित्र कसं फसवतं. इशाऱ्याने परिणाम कमी झाला, पण संपला नाही. आकडेमोडीच्या विषयांत पीएच.डी. करणारेही त्यातून सुटले नाहीत. डोळ्याने लांबी वाचून झालेली असते, समज मागाहून पोचते.

सेलूच्या वाचकांनी पत्रात ‘हे मुद्दाम केलं असेल का?’ असंही विचारलं आहे. असेलही, पण तसं असायलाच हवं असं नाही. एक्सेलमध्ये हे दोन आकडे टाकून स्तंभालेख मागितला तर एक्सेल आपण होऊन पाया उचलतो. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यातला फरक मोठ्या आकड्याच्या साधारण सहाव्या हिश्शापेक्षा कमी असेल तर अक्ष शून्यापासून सुरू होत नाही. आपल्या आकड्यांना तो पाया ६८०० च्या आसपास देतो, आणि उजवा स्तंभ पावणेतीनपट दिसू लागतो. कापणाऱ्याला आपण कापलं हे ठाऊकही नसतं. अक्षावर उजवी क्लिक करून किमान मूल्याच्या जागी शून्य लिहिलं की काम होतं, पण चित्र मग इतकं बेचव दिसतं की पुढे पाठवावंसं वाटत नाही.

आता एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. शेतकऱ्याला सव्वाआठ टक्के म्हणजे किरकोळ वाटावेत का? खर्च वजा जाता जे उरतं त्यावर घर चालतं, आणि तिथे थोडा फरकही मोठा असतो. मग स्तंभ शून्यापासून काढून आपण ही गोष्ट लपवत नाही का?

मध्यम धागा धरला तो यासाठीच, कारण लांब धाग्याच्या कापसाचा वेगळा उत्पादनखर्च सरकार काढत नाही. मध्यम धाग्यासाठी सरकारने धरलेला खर्च पहिल्या वर्षी क्विंटलला ४७४७ रुपये होता, दुसऱ्या वर्षी ५१४०. वजाबाकी केली की उरतात २३७४ आणि २५७०. हे दोन स्तंभ शून्यापासून काढा. वाढ किती दिसते? पुन्हा सव्वाआठ टक्केच! कारण साधं आहे: दोन्ही वर्षी भाव खर्चाच्या दीडपट ठरवला गेला, त्यामुळे खर्च, भाव आणि उरलेली रक्कम तिन्ही एकाच प्रमाणात वाढले. सहापट काही कुठूनच निघत नाही.

पण समजा, एखाद्याला हमीभाव मिळालाच नाही आणि क्विंटलमागे ७००० वर माल द्यावा लागला. भावाच्या स्तंभात ही घट नऊ टक्क्यांची. उरलेल्या रकमेत मात्र २५७० चे १८६० झाले, म्हणजे जवळपास अठ्ठावीस टक्के घट. हा फरक मोठा दिसायलाच हवा, आणि तो दाखवायची रीतही सरळ आहे: खर्च वजा करा, स्तंभावर ‘खर्च जाता उरलेले’ असं लिहा आणि तो शून्यापासून काढा. भूमितीच्या दृष्टीने पाहिलं तर हा भावाचाच स्तंभ आहे, ५१४० वर कापलेला. फक्त इथे भिंत उघड आहे आणि तिला नाव आहे. ती कुठे असावी यावर भांडता येतं, आणि शेतकरी संघटना भांडतातही. सरकारच्या हिशोबात प्रत्यक्ष झालेला खर्च आणि घरच्यांच्या श्रमाचं मोल येतं. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याज धरणारा ‘सी-२’ खर्च लावावा ही त्यांची जुनी मागणी. तो लावला तर भिंत वर सरकते आणि उरलेल्याचा स्तंभ आणखी आखूड होतो.